लेओव्हरला व्हिसा लागतो का? आधी बॅगेचं काय होणार ते विचारा

मधल्या विमानतळावर किती तास थांबायचं आहे, एवढ्यावरून व्हिसाचा निर्णय होत नाही. तिथे इमिग्रेशनचा काउंटर ओलांडावा लागणार का, हे आधी पाहावं लागतं. काउंटर न ओलांडता आतूनच पुढचं विमान पकडलं, तर ते एअरसाइड ट्रान्झिट. ओलांडला, की लँडसाइड: इमारतीबाहेर पाऊल टाकलं नाही, तरी तुम्ही त्या देशात प्रवेश केलेला असतो.

समजा, तुम्ही लंडनच्या हीथ्रो विमानतळामार्गे ब्राझीलमधल्या साओ पाउलोला निघाला आहात. दोन्ही विमानं एकाच बुकिंगवर असतील, तर चेक-इनला बॅगेच्या टॅगवर बहुधा साओ पाउलोचा कोड GRU येतो आणि बॅग परस्पर पुढे जाते. तुम्ही एअरसाइडच राहता. तरीही भारतासह काही देशांच्या नागरिकांना यासाठी ब्रिटनचा डायरेक्ट एअरसाइड ट्रान्झिट व्हिसा लागतो. अनेकांची गल्लत इथेच होते. बाहेर पडायचं नाही म्हणजे व्हिसा नको, असं ते धरून चालतात.

आता तोच प्रवास स्वस्त पडतो म्हणून दोन वेगळ्या तिकिटांवर केला. टॅगवर हीथ्रोचा कोड LHR आला, तर बॅग हीथ्रोलाच उतरणार. ती घ्यायचा पट्टा इमिग्रेशनच्या पलीकडे असतो. मग एअरसाइडचा व्हिसा पुरत नाही. व्हिजिटर इन ट्रान्झिट व्हिसा लागतो, आणि त्यावर 48 तासांच्या आत देश सोडावा लागतो. पुढचं विमान लंडनच्याच दुसऱ्या विमानतळावरून, गॅटविकहून असेल, तर फक्त हातातली बॅग असली तरी लँडसाइडच.

अर्ज gov.uk वर ऑनलाइन भरायचा आणि बोटांचे ठसे व फोटो द्यायला व्हिसा केंद्रात जायचं. पासपोर्ट, पुढच्या विमानाचं पक्कं तिकीट आणि शेवटच्या देशात प्रवेश मिळेल याचा पुरावा लागतो. या तिसऱ्या कागदाकडे दुर्लक्ष नको, कारण पुढे जायची परवानगीच नसेल तर ट्रान्झिटला अर्थ उरत नाही. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडचा वैध व्हिसा असेल, तर अटींवर सूट मिळू शकते. अर्जाआधी ते जरूर तपासा.

युरोपातल्या शेंगेन देशांत आपसात प्रवास करताना पासपोर्ट तपासणी नसते, आणि तिथे आणखी एक खाच आहे. पॅरिसला उतरून फ्रँकफर्टमार्गे शेंगेनबाहेर जायचं असेल, तर मधलं उड्डाण शेंगेनच्या आतलं धरलं जातं. त्यामुळे पॅरिसलाच इमिग्रेशन होतं आणि फक्त एअरसाइडपुरता असलेला एअरपोर्ट ट्रान्झिट व्हिसा तिथे चालत नाही. अमेरिकेत तर एअरसाइडचा पर्यायच नाही: प्रत्येकाला इमिग्रेशनमधून जावं लागतं, आणि व्हिसामाफी नसलेल्याला निदान सी-1 हा ट्रान्झिट व्हिसा हवा.

कागद पहिल्यांदा तपासतो तो एअरलाइनचा चेक-इन कर्मचारी. तो टिमॅटिक या प्रणालीत तुमचा पासपोर्ट आणि मार्ग घालून बघतो. व्हिसा कमी पडला तर बोर्डिंग पास मिळत नाही. म्हणून दोन वेगळी तिकिटं घेण्याआधीच पहिल्या एअरलाइनला विचारा: "बॅग शेवटपर्यंत टॅग कराल का?" उत्तर लेखी घ्या आणि ‘नाही’ असेल, तर लँडसाइडचा व्हिसा हाती येईल इतका वेळ धरूनच तारीख ठरवा.