अंधाऱ्या फ्लॅटमधील ग्रो लाइट

खिडकीतून पुरेसा उजेड न येणाऱ्या घरात झाडे वाढवण्यासाठी लावल्या जाणाऱ्या दिव्याला ग्रो लाइट म्हणतात. कोल्हापुरात याची गरज मुख्यतः दोन ठिकाणी पडते. एक म्हणजे डक्टकडे किंवा शेजारच्या इमारतीच्या भिंतीकडे उघडणाऱ्या खिडक्यांचे फ्लॅट, आणि दुसरे म्हणजे पावसाळा. शहर साधारण 16.7 उत्तर अक्षांशावर असल्याने सर्वांत लहान दिवस सुमारे 11 तासांचा आणि सर्वांत मोठा 13 तासांचा, म्हणजे दिवसाच्या लांबीत फार फरक पडत नाही. खरा फरक जून ते सप्टेंबरमधल्या ढगांमुळे पडतो. उघड्यावर भर दुपारच्या उन्हात सुमारे 1 लाख लक्स उजेड असतो, तर डक्टकडच्या खिडकीपासून हातभर आत ढगाळ दिवशी 300 ते 500 लक्सच मिळतात. एवढ्यावर मनीप्लँट तग धरतो, कोथिंबीर मात्र लांब, पांढुरकी होऊन आडवी पडते.

दिवा निवडताना खोक्यावरचा ‘1000 वॅट’ हा आकडा सोडून द्यावा. स्वस्त पॅनलवर तो बहुधा जाहिरातीसाठी छापलेला असतो. दिवा प्रत्यक्षात किती वॅट वीज ओढतो ते बारीक अक्षरात असते आणि तेच खरे. जांभळ्या दिव्यांवरही झाडे वाढतात, पण त्या रंगात पान पिवळे पडले की हिरवे आहे हेच कळत नाही, आणि स्वयंपाकघरात तो उजेड डोळ्यांना नकोसा होतो. घरासाठी साधी पांढरी 20 वॅटची 4 फुटी एलईडी बॅटन उत्तम. इलेक्ट्रिकच्या कुठल्याही दुकानात ती मिळते, पट्टीसारखा उजेड पसरवते आणि बिघडली तर तशीच दुसरी आणता येते. खोक्यावर 2000 ल्युमेनच्या आसपास आकडा आणि 4000 ते 6500 केल्विन यांमधला रंग असावा. 9 वॅटचा बल्ब फूटभर अंतरावरून एखाद्या मनीप्लँटला पुरतो, पण पालेभाजीच्या कुंडीला नाही.

उजेड मोजायला मोबाइलवरचे लक्स मीटर अॅप चालते. मोबाइल पानांच्या उंचीवर, स्क्रीन वर करून ठेवावा. अँड्रॉइड फोनचा सेन्सर स्क्रीनच्या वरच्या कडेला असतो, त्यावर बोटाची सावली पडू देऊ नये. हा आकडा काटेकोर नसतो, पण कुंडीकुंडीतला फरक दाखवायला पुरेसा असतो. पांढऱ्या एलईडीच्या लक्सला साधारण 70 ने भागले की झाडाच्या कामाचा प्रकाश मायक्रोमोलमध्ये मिळतो (सेकंदाला, चौरस मीटरवर). त्याला दिवा चालू असलेल्या तासांनी आणि 0.0036 ने गुणले की दिवसभराचा हिशेब मोलमध्ये येतो. मनीप्लँटसारख्या सावलीतल्या झाडाला 2 ते 4 मोल पुरतात, कोथिंबीर-मेथीला 8 ते 12 हवेत, तुळशीला 10 च्या वर.

आता एक हिशेब. किचनच्या ओट्यावर 4 फुटी फळी आहे आणि तिच्यावर कोथिंबीर-मेथीच्या कुंड्या. वरच्या फळीच्या खालच्या बाजूला दोन बॅटन चार-पाच इंचांच्या अंतराने शेजारी शेजारी बसवल्या. पाने बॅटनपासून 15 सें.मी. खाली असतील तर मधल्या कुंडीवर सुमारे 9000 लक्स, म्हणजे 130 मायक्रोमोल पडतात. दिवा 13 तास ठेवला तर दिवसाचे 6 मोल होतात. हे थोडे कमीच आहे: कोथिंबीर खुडण्याजोगी होते, पण बाजारातल्या जुडीसारखी भरत नाही. तिसरी बॅटन लावली तर 9 मोलांपर्यंत जाता येते. दोनच बॅटन ठेवून अंतर 30 सें.मी. केले, तर उजेड जवळजवळ निम्म्यावर येतो. सुट्या बल्बच्या बाबतीत हीच घट आणखी मोठी असते; अंतर दुप्पट झाले की उजेड सुमारे चौथाई राहतो. टोकाच्या कुंड्यांना मधल्यांपेक्षा बराच कमी उजेड मिळतो, म्हणून दोन-तीन दिवसांनी कुंड्यांच्या जागा बदलाव्यात. मागच्या भिंतीला पांढरा रंग असला किंवा पांढरे फ्लेक्स लावले तर वाया जाणारा बराच उजेड परत येतो. दोन बॅटनचा खर्च रोज अर्धा युनिट, महिन्याला 15-16 युनिट.

कमी उजेड तास वाढवून भरून काढण्याचा मोह होतो, आणि मनीप्लँटच्या बाबतीत तो चालूनही जातो. कोथिंबीर, मेथी आणि पालक मात्र दिवस मोठा झाला की फुलावर येतात. दिवा 16 तास ठेवला तर पाला भरण्याआधीच मधून दांडा वर निघतो. यांना 12 ते 13 तास ठेवावे. कमी पडत असेल तर दिवा खाली आणावा किंवा आणखी एक लावावा. शेवंतीचे उलटे आहे: तिला फुलासाठी लांब, अखंड रात्र लागते, त्यामुळे रात्री अकरापर्यंत दिवा लागलेल्या खोलीत ती नुसती पानेच काढत बसते. कोणतेही झाड असले तरी रोज किमान 8 तास अंधार द्यावा.

तास पाळायला सॉकेटमध्ये लावायचा टायमर घ्यावा. फिरत्या तबकडीचा टायमर स्वस्त असतो, पण वीज गेली की थांबतो आणि तेवढाच मागे पडतो. पावसाळ्यात लाइट वरचेवर जाते तिथे महिन्याभरात तो तासनतास चुकलेला असतो. आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर घेतला तर ही कटकट राहत नाही. वायर सॉकेटमध्ये जाण्याआधी खाली झोल घेईल अशी सोडावी, म्हणजे कुंडीचे पाणी वायरवरून ओघळले तरी झोलाच्या तळाशी गळून पडते, सॉकेटात जात नाही.

उजेड जास्त झाल्याच्या खुणा नेहमी दिव्याच्या सर्वांत जवळच्या पानांवर आधी दिसतात. शेंड्याची पाने फिकट, पांढुरकी होतात, कडा वर वळून पान पन्हळासारखे होते, मग कडा वाळून कुरकुरीत होतात. तुळशीची नवी पाने लहान, जाड राहतात आणि पेरे आखूड होतात. पिवळेपणा खालच्या जुन्या पानांपासून सुरू झाला असेल तर दिव्याला दोष देऊ नये. तो बहुधा नत्राचा तुटवडा असतो. पान पिवळे आणि मऊ असून माती ओली लागत असेल तर पाणी जास्त होत आहे. उष्णता तपासायला तळहात पानांच्या उंचीवर अर्धा मिनिट धरावा. गरम वाटले तर पान उजेडाने नव्हे, तापाने वाळत आहे.

साध्या बॅटनखाली हे सहसा घडत नाही. खरोखर 100 वॅट ओढणाऱ्या पॅनलखाली किंवा डक्टच्या अंधारातून थेट दिव्याखाली आणलेल्या झाडात घडते. असे पॅनल रोपांपासून 45 ते 60 सें.मी. वर टांगावे. अंधारातले झाड आणताना पहिले काही दिवस दिवा नेहमीच्या दुप्पट अंतरावर आणि 8 तास ठेवावा, मग आठ-दहा दिवसांत हळूहळू खाली आणावा. खुणा दिसल्याच तर दिवा 5 ते 8 सें.मी. वर करावा किंवा दोन तास कमी करावेत. दोन्ही एकदम केले तर कशाने फरक पडला ते कळत नाही. पांढरे पडलेले पान पुन्हा हिरवे होत नाही, म्हणून त्याच्याकडे पाहून दिवा आणखी वर नेऊ नये. आठवड्यानंतर शेंड्याला जे नवे पान उमलेल ते हिरवे आणि सपाट असेल तर उंची बरोबर आहे.