‘आपण’ म्हणजे नक्की कोण? खानदेशातल्या निवेदनाची पार्श्वभूमी

जळगाव-धुळ्याकडे शेतीचा माहितीपट, योजनेची जाहिरात किंवा फोनवर वाजणारी सूचना रेकॉर्ड करायला बसलं की पहिला वाद हमखास सर्वनामावरून होतो. स्क्रिप्ट लिहून आणणाऱ्याने ‘आपण’ लिहिलेलं असतं. वाचणाऱ्याच्या तोंडात ‘तुम्ही’ बसलेलं असतं. तरुणांसाठीची जाहिरात असेल तर पैसे देणाऱ्याला ‘तू’ हवं असतं. तिन्ही शब्द मराठीच आहेत आणि तिन्ही जुने आहेत. तरीही गेल्या वीसेक वर्षांत हा वाद वाढला, कारण ऐकण्याची जागा बदलली.

फार मागे जायचं तर कीर्तन-प्रवचनात समोरचा मंडप भरलेला असे, त्यामुळे ‘श्रोतेहो, तुम्ही’ हे सरळ अनेकवचन होतं. त्यात मानाचा प्रश्न वेगळा येतच नव्हता. रेडिओनेही हीच सवय उचलली. 1956 साली पुण्याकडे रेडिओ कृषी मंडळांचा प्रयोग झाला. त्यात गावकऱ्यांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचा आणि मग त्यावर बोलायचं, अशीच आखणी होती. ट्रान्झिस्टर घरोघरी आला तरी निवेदक मनातल्या मनात पारावरच्या घोळक्याशीच बोलत राहिला. ‘शेतकरी बंधूंनो’ म्हटलं की पुढचं ‘तुम्ही’ घोळक्याला जायचं. त्यातून कुणाला मान मिळतो की नाही, हे कुणी तपासत नव्हतं.

मोबाइल आला आणि घोळका गेला. वावरात उभा असलेला एकटा माणूस कानाला फोन लावून रेकॉर्ड केलेला आवाज ऐकतो, तेव्हा ‘तुम्ही’ हे एकट्यालाच उद्देशून होतं, म्हणजे मानाचं होतं. मग लिहिणाऱ्यांना वाटू लागलं की आणखी मान द्यायचा तर ‘आपण’ म्हणावं. त्यातच बऱ्याच स्क्रिप्ट हिंदीतून येऊ लागल्या. हिंदीतल्या ‘आप’च्या जागी डोळे मिटून ‘आपण’ टाकलं की भाषांतर झालं, अशी समजूत पसरली. माझ्या मते खानदेशातल्या गोंधळाचं मूळ इथेच आहे.

हिंदी ‘आप’ फक्त समोरच्याचं असतं. मराठी ‘आपण’ समोरच्याचंही असतं आणि बोलणारा-ऐकणारा दोघांचंही असतं. ‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’ म्हटलं की तो आत येतो. शिवाय खानदेशात काय किंवा इतरत्र काय, रोजच्या बोलण्यात ‘आपण’ म्हणजे चक्क ‘मी’सुद्धा असतो. ‘आपल्याले नाही जमणार भाऊ’ असं कुणी म्हणाला तर जमणार नाही ते त्याला, तुम्हाला नाही. म्हणजे एकाच शब्दात ‘तुम्ही’, ‘आपण सगळे’ आणि ‘मी’ असे तिघे राहतात. त्यातला नेमका कोण बाहेर आला, हे पुढच्या क्रियापदावरून कळतं.

काही क्रियापदं ते स्पष्ट सांगतात. ‘आपण पाहणार आहोत’ म्हणजे दोघं, ‘आपण पाहणार आहात’ म्हणजे फक्त ऐकणारा. ‘आपण आलो’ आणि ‘आपण आलात’ यांतही घोळ नाही. पण निवेदनात अशी वाक्यं थोडी असतात. सूचना देताना आपण (इथे मी आणि माझ्यासारखे लिहिणारे) दोनच साचे वापरतो, ‘करावे’ आणि ‘केले पाहिजे’. या दोन्हींत क्रियापद कर्त्याकडे बघतच नाही, ते कर्माबरोबर फिरतं. ‘आपण फवारणी करावी’ यात फवारणी तुम्ही करायची की आपण मिळून, हे क्रियापदाला विचारून उत्तर मिळत नाही. ‘आपल्या’चंही तसंच. ‘आपला अर्ज’ म्हणजे तुमचा, ‘आपलं गाव’ म्हणजे सगळ्यांचं, आणि ‘त्याने आपला फोन घेतला’ म्हणजे त्याचा स्वतःचा.

पुण्याकडच्या कानाला यातून निसटायची एक वाट असते. तिकडे ‘तुम्ही पाहिलंत’, ‘आपण काम केलंत’ असा शेवटी ‘त’ लागतो आणि ऐकणारा ओळखू येतो. खानदेशी बोलण्यात हा ‘त’ बहुतेक गळालेला असतो. इकडे ‘तुम्ही कधी आले?’, ‘तुम्ही पाहिलं का?’ असंच विचारतात. ‘आलात’, ‘केलंत’ ऐकलं की माणूस बाहेरगावचा किंवा मास्तर असावा, असा अंदाज बांधला जातो. त्यामुळे खानदेशी निवेदक सहज बोलण्याच्या ओघात ‘आपण मागच्या वर्षी हेच औषध वापरलं’ असं वाचतो आणि ऐकणारा त्याचा अर्थ ‘आपण सगळ्यांनी’ असाच घेतो. मानासाठी घातलेला शब्द इथे बिनआवाज माणूस बदलतो.

याचा धडा मला एका कापसाच्या फिल्ममध्ये मिळाला. 2017 च्या खरिपात गुलाबी बोंडअळीने राज्यभर कापूस पोखरला. त्यानंतर तिच्यावरची माहिती सांगणाऱ्या निवेदनांची रीघ लागली. आमच्या स्क्रिप्टमध्ये वाक्य होतं, ‘आपण आपल्या शेतात एकरी 2 कामगंध सापळे लावले पाहिजेत. सलग 3 रात्री प्रत्येक सापळ्यात रोज 8 पतंग सापडले तर फवारणीचा निर्णय घ्यावा.’ व्याकरणाने त्यात खोट काढता येणार नाही. मी ते एका दमात वाचलं आणि टेक ओके झाला.

फिल्म चोपड्याकडच्या एका गावात मारुतीच्या पारावर दाखवली. दिवे लागल्यावर पांढऱ्या टोपीतले एक आबा म्हणाले, ‘सापळे कधी लावणार शेतस तुम्ही?’ आम्हाला वाटलं, त्यांनी नीट ऐकलं नसावं. पण त्यांनी नीटच ऐकलं होतं. सरकारी वाटणारा आवाज ‘आपण लावले पाहिजेत’ म्हणतो, म्हणजे लावणाऱ्यांत तो आवाजही असणार. शेवटी ‘निर्णय घ्यावा’ म्हटलंय, तर घेणारा कोण हेही त्यांनी विचारलं, आणि तिथे आमच्याकडे सर्वनामच नव्हतं.

परत येऊन वाक्यं बदलायची ठरली, तेव्हा खरा वाद झाला. मंजुरी देणाऱ्या बाजूचं म्हणणं होतं की शेतकऱ्याला ‘तुम्ही’ म्हणणं कोरडं वाटतं, वयस्कर माणसं ऐकतात, ‘आपण’च शोभतं. आमच्या बाजूचं म्हणणं होतं की इकडे सासऱ्याला, व्याह्याला, जावयाला ‘तुम्ही’च म्हणतात. तो मान कमी पडला असता तर लग्नं मोडली असती. ‘आपण’ इथे लग्नपत्रिकेत असतं, सभेच्या माईकवर असतं, नोटिशीत असतं. घरात ते ऐकू आलं तर कुणीतरी टोमणा मारतंय असं वाटतं. दोन्ही बाजूंनी आवाज चढले आणि चहा थंड झाला. प्रमाण मराठीत मानाची पायरी ‘तुम्ही’च्या वर आहे हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण माझं मत तेव्हाही एका बाजूला होतं आणि आजही आहे. जी पायरी ऐकणारा रोज चढत नाही, तिच्यावर त्याला उभं केलं तर तो पाय जपण्यात गुंततो, मजकूर निसटतो.

शेवटी झालं ते असं. वाक्य ‘तुमच्या शेतात एकरी 2 कामगंध सापळे लावा’ असं केलं. पुढचं ‘सलग 3 रात्री प्रत्येक सापळ्यात रोज 8 पतंग दिसले, तर फवारणी करायची की नाही ते तुम्ही ठरवा’ असं केलं. ‘लावा’ हे आज्ञार्थी रूप ‘तुम्ही’लाही चालतं आणि ‘आपण’लाही, त्यामुळे मंजुरी देणाऱ्यांनाही त्यात मान कमी झाल्यासारखं वाटलं नाही. फोनवरच्या सूचनांमध्ये ‘मराठीसाठी 1 दाबा’ इतकंच असतं, सर्वनामच नसतं, तिथेही हीच सोय होते. अहिराणी आवृत्तीत तर ‘तुमना वावरमा एकरले दोन सापळा लावा’ एवढ्यावर भागलं, तिथे ‘आपण’ कुणी सुचवलंही नाही.

मात्र हा बदल संपादनाच्या टेबलावर शब्द कापून-चिकटवून होत नाही. ‘आपण’च्या जागी ‘तुम्ही’ आलं की क्रियापदाचा शेवट हलतो, ‘आपल्या’चं ‘तुमच्या’ होतं, वाक्याची लांबी आणि दम घेण्याची जागा बदलते. आम्ही फक्त ती दोन वाक्यं आठवडाभराने पॅच केली. सर्दी उतरलेला माझा आवाज आधीच्या आवाजाशेजारी परक्याचा वाटला, म्हणून पूर्ण परिच्छेद पुन्हा वाचावा लागला. तेव्हापासून रेकॉर्डिंगआधी प्रत्येक ‘आपण’च्या पुढे पेन्सिलीने ‘सगळ्यांनी मिळून’ लिहून वाक्य वाचून बघतो. ते तरीही उभं राहिलं आणि सांगायचंय मात्र एकट्या ऐकणाऱ्याला, तर ‘आपण’ काढायचं.

‘तू’ची गोष्ट नवी आहे. शहरांतल्या खासगी एफएमने आणि पुढे मोबाइलवरच्या जाहिरातींनी ते आणलं, कारण हेडफोन लावलेल्या एकट्या मुलाला मित्रासारखं बोलायचं होतं. खानदेशात आई, देव आणि लहानपणचा मित्र यांना ‘तू’ असतं, त्यामुळे शब्द परका नाही. अडचण क्रियापदात आहे. ‘तुम्ही’ आलं की ‘करता’, ‘आलात’ यांत मुलगा-मुलगी कळत नाही. ‘तू’ आलं की ‘करतोस’ की ‘करतेस’, ‘आलास’ की ‘आलीस’, हे आधी ठरवावंच लागतं. स्पर्धा परीक्षेच्या क्लासच्या एका जाहिरातीत ‘तू अभ्यास करतोस, पण…’ असं होतं. धुळ्याच्या बस स्टँडवर दोन मुली ते ऐकून हसत निघून गेल्या. मुलींसाठी वेगळी आवृत्ती करायला पैसे नव्हते. वर्तमान आणि भूतकाळ टाळून ‘तू ठरव’, ‘तुला जमेल’, ‘तू करशील’ अशी वाक्यं घेतली की लिंग सुटतं. पण तीस सेकंद तेवढ्यावरच काढताना निवेदन चाचपडत चाललंय असं वाटतं. इकडे ‘तू कधी आला?’ असं बिन-‘स’चंही बोलतात, पण ‘आला’-‘आली’चा भेद त्यातही राहतोच.

2020 च्या टाळेबंदीत शाळेचे धडे फोनवर आले, तेव्हा हाच प्रश्न लहान मुलांबाबत उभा राहिला. वर्गात ‘तुम्ही वह्या काढा’ म्हणजे सगळी मुलं. फोनवर ऐकणारं मूल एकटंच. ‘तुम्ही’ म्हटलं की सहा वर्षांचा पोरगा शेजारी कोण बसलंय ते बघतो. अशा धड्यांच्या निवेदनात काही जणांनी मधला मार्ग काढला. सुरुवात ‘बालमित्रांनो’ने करायची, म्हणजे घोळका उभा राहतो, आणि पुढे ‘तुम्ही’ चालवायचं. धडगावच्या पट्ट्यात मराठीच मुलांची दुसरी भाषा आहे. तिथे त्यांनी मास्तरांच्या तोंडून जे रूप आधी ऐकलंय तेच फोनवर ठेवलेलं बरं.

परवा एका दूध संकलन केंद्राच्या सूचनेत पुन्हा ‘आपण आपले कॅन स्वच्छ ठेवावेत’ आलं. केंद्राचेही कॅन होते आणि शेतकऱ्यांचेही. मी पेन्सिल काढली.