हरवलेल्या बिलाची प्रत आणि पीओडी, म्हणजे माल पोचल्याचा पुरावा: ऑडिटसाठी ग्राहकाला काय द्यायचं

"ऑडिट चालू आहे, तुमचं बिल सापडत नाही. डुप्लिकेट आणि पीओडी पाठवा." असा मेल आला की आधी तो कुणाचा आहे ते बघा. बिलावर ज्याचा जीएसटी नंबर आहे त्यानेच, नोंदणीकृत मेलवरून किंवा लेटरहेडवर, बिल नंबर आणि तारीख देऊन मागणी केलेली असावी. नंबर आठवत नसेल तर त्याला त्याचं जीएसटीआर-२बी बघायला सांगा, तिथे आपलं बिल दिसतं. ऑडिटर म्हणून कुणी परस्पर मागितलं, तर ग्राहकाची लेखी संमती घेतल्याशिवाय काही पाठवू नका.

नवीन नंबरचं बिल मात्र कधीच काढायचं नाही. तसं केलं तर एकच विक्री दोनदा दिसते आणि कर दोनदा लागतो. जुनंच बिल, तोच नंबर, तीच तारीख, ई-इनव्हॉइस असेल तर पोर्टलने दिलेला तोच आयआरएन नंबर आणि क्यूआर कोड. नुसता 'डुप्लिकेट' शिक्का मारू नका, कारण नियमानुसार ती प्रत ट्रान्सपोर्टरची असते. 'मूळ बिलाची सत्यप्रत, ऑडिटसाठी' असं लिहून आजची तारीख, सही आणि शिक्का द्या. सॉफ्टवेअरमधून पुन्हा छापताना कंपनीचा आजचा पत्ता येऊ शकतो, म्हणून आपल्या फाइलमधल्या तिसऱ्या प्रतीशी ताडून बघा. जमलं तर त्या प्रतीचंच स्कॅन द्या.

खरी खोच पीओडीत असते. समजा, भोसरीहून नागपूरला २९ मार्च २०२५ला माल निघाला. मध्ये पाडवा आणि ईद आली, गाडी २ एप्रिलला पोचली. बिल मार्चचं, पण माल हातात आला एप्रिलमध्ये. ऑडिटरला नेमकं हेच हवं असतं: ३१ मार्चच्या स्टॉकमध्ये हा माल धरला का, आणि माल मिळण्याआधीच इनपुट क्रेडिट घेतलं का. म्हणून एलआरच्या, म्हणजे ट्रान्सपोर्टरच्या माल-पावतीच्या, प्रतीवर माल घेणाऱ्याची सही, शिक्का, पोचल्याची तारीख आणि नग दिसले पाहिजेत. 'दोन पेट्या कमी' असा शेरा असेल तर तोही तसाच जाऊ द्या. ई-वे बिल सोबत जोडा, पण त्यावरून माल निघाल्याचं कळतं, पोचल्याचं नाही.

पीओडी आपल्याकडे नसेल तर एलआर नंबर देऊन ट्रान्सपोर्टरकडे मागा. तिथेही नसेल, तर ग्राहकाच्याच गेट रजिस्टरची नोंद आणि जीआरएन, म्हणजे त्याने माल मिळाल्यावर केलेली नोंद, उपयोगी पडतात. जुन्या तारखेचा शिक्का मारून नवी पावती करा, असं कुणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा.

उत्तर दोन ओळींचं पुरे:

"आपल्या मागणीनुसार बिल क्र. ... दि. २९/०३/२०२५ची सत्यप्रत, एलआर क्र. ...ची पोच (माल मिळाल्याची तारीख ०२/०४/२०२५) आणि ई-वे बिल जोडत आहोत. हे नवीन बिल नाही, कृपया खात्यात पुन्हा नोंद करू नये."