चोकर म्हणजे नेमके किती इंच?

दुकानात हल्ली हार इंचांवर विकला जातो. १४ ते १६ म्हणजे चोकर, १८ च्या आसपास प्रिन्सेस, २० ते २४ मॅटिनी, २८ ते ३६ ऑपेरा. ही उतरंड मोत्याच्या पाश्चात्त्य व्यापारातून आली.

आपल्याकडे ठुशी, चिंचपेटी, तन्मणी, मोहनमाळ या नावांतच दागिना कुठे बसणार ते कळायचं, आकडा लागत नसे. त्याचं खरं कारण मागच्या दोरीत होतं. पटवेकर दागिना रेशमी दोऱ्यात गाठवून देत, मागे गोंडा आणि सरकती गाठ असे, त्यामुळे एकच ठुशी सासूच्या आणि सुनेच्या गळ्याला सारखी बसे. दोरी जाऊन ठरलेल्या लांबीची साखळी आणि हूक आला, तेव्हा इंच मोजणं भाग पडलं.

पाश्चात्त्य चोकर लोकप्रिय झाला तो १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात, ब्रिटिश राजघराण्यातल्या एका सुनेमुळे. मानेवरचा व्रण झाकायला ती मोत्यांचे अनेक सर गळ्यालगत घाले, असं सांगतात. १९२० च्या दशकात कमर खाली उतरलेल्या सरळ झग्यांवर लांबच लांब सर आले.

घोळ होतो तो चोकर या शब्दाचा. १३ इंचांच्या गळ्यावर १६ इंची हार गळपट्टीच्या हाडापाशी उतरतो, १५ इंचांच्या गळ्यावर तोच घट्ट बसतो. म्हणजे चोकर ही लांबी नव्हेच, ती दागिन्याची जागा आहे. शिवाय मणी जाड असले की आतला घेर कमी होतो. १० मिलिमीटरच्या मोत्यांची १६ इंची माळ आतून सव्वा इंचाने कमी भरते, आणि हे लेबलावर कुणी छापत नाही. म्हणून आधी मानेच्या बुडाशी टेप लावून घेर घ्यावा. गळ्यालगत बसणारं हवं असेल तर त्यात इंचभर मिळवावा, मणी जाड असतील तर आणखी थोडं.

ब्लाऊजचे गळे बदलले तसा हा घोळ वाढला. बोटनेकवर १८ इंची हार बरोबर कापडाच्या काठावर येतो, अर्धा कातडीवर आणि अर्धा जरीवर. तिथे एक तर काठाच्या वर राहणारी ठुशी, नाहीतर थेट २८ इंचांपुढचा सर. खोल गळ्यात मात्र हाच १८ इंची हार शोभतो.

उंचीचा नियम लोक उगाच ताणतात. ३४ इंची सर मानेमागून मोजला तर १७ इंच खाली लोंबतो. पाच फुटी बाईला तो पोटापर्यंत येतो, साडेपाच फुटीला छातीच्या जरा खाली. बुटक्या बाईने लांब हार घालूच नये, हे काही मला पटत नाही. २८ चा घ्यावा, नाहीतर ३४ चा दुपदरी करावा. दुपदरी करताना वरचा पदर आखूड ठेवावा, दोन्ही सारखे झाले तर एकमेकांत अडकतात.