पार्टीतला खटला: थोडी पार्श्वभूमी

मराठी नाटकाचा पहिला प्रयोग १८४३ साली सांगलीत झाला, हे इथे कुणाला सांगावं लागत नाही. पण वाढदिवसाच्या पार्टीत मित्राला आरोपी करून चालवतात त्या खटल्याची नाळ त्या नाटकापेक्षा तमाशातल्या वगाशी जास्त जुळते. वगात दरबारात फिर्याद येते, शिपाई वाकडी उत्तरं देतो आणि निवाडा करणाऱ्याचीच टर उडते. कथेचा सांगाडा ठरलेला, बाकी सगळा हजरजबाबीपणा. हातोडा आणि गीतेवरची शपथ मात्र सिनेमातून आली. आपल्या कोर्टात हातोडा आपटत नाहीत, आणि १९६९च्या शपथ कायद्यानुसार साक्षीदार ईश्वराच्या नावाने शपथ घेतो किंवा नुसती प्रतिज्ञा करतो.

खरा वाद आहे तो आरोपपत्र आरोपीला आधी दाखवायचं की नाही, यावर. दाखवलं तर तो उत्तरं घोकून येतो आणि मजा जाते. न दाखवावं, तर १९६७ साली रंगभूमीवर आलेलं अभिरूप न्यायालयाचं नाटक आठवतं: खेळ म्हणून मांडलेला खटला त्यात आरोपी बाईच्या खासगी आयुष्यावर घसरतो. पार्टीतही उसने पैसे, मोडलेलं लग्न, सुटलेली नोकरी असल्या गोष्टी आरोपपत्रात हळूच शिरतात. हसणारा आरोपी मनापासून खुलासे द्यायला लागला, की घसरण झाली असं समजावं. यावर बऱ्यापैकी रुळलेला तोडगा म्हणजे आरोपपत्र फक्त बचाव पक्षाच्या वकिलाला दाखवायचं आणि तो आरोपीचा सगळ्यात जवळचा मित्र असायचा. नको ती कलमं तोच खोडतो. ज्यांना हा पोरकटपणा वाटतो, त्यांनी एकदा आरोपीच्या खुर्चीत बसून बघावं.

उरतात ते गुन्हे क्षुल्लकच हवेत. उदाहरणार्थ, सामाईक भडंगातले शेंगदाणे वेचून खाणे. मुद्देमाल म्हणून नुसते चुरमुरे उरलेली परात हजर करायची. पंचनाम्यात लसूण शाबूत, शेंगदाणे बेपत्ता. पहिला साक्षीदार आरोपीच्या बोटांना लागलेल्या तिखटाबद्दल बोलतो, दुसरा उलटतपासणीत फितूर होतो, कारण त्यानेही मूठभर खाल्लेले असतात. तिसरा साक्षीदार बोलावू नये, तोवर लोक जेवणाकडे बघायला लागतात. निर्दोष सोडलं तर सगळाच विचका, म्हणून शिक्षा हवीच आणि ती तिथल्या तिथे भोगता येईल अशी: रात्रभर सगळ्यांना शेंगदाणे सोलून द्यायचे.

अलीकडची अडचण कायद्याने आणली. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि फसवणुकीचं ४२० कलम ३१८ झालं. ३१८ म्हटल्यावर कुणी हसत नाही. पण त्या तारखेआधीच्या गुन्ह्यांना जुनंच कलम लागतं, तेव्हा हुशार सरकारी वकील शेंगदाण्यांची चोरी जून २०२४ मधली दाखवतो आणि ४२० ठोकून मोकळा होतो.