पत्रिकेतली वेळ आणि निरोपातली वेळ

भाचीच्या लग्नात हळद, संगीत आणि लग्नाच्या वेळा नातेवाइकांना कळवायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्या दिवशी मी सगळ्यांनी करावं तेच केलं: पत्रिकेचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. तासाभरात आत्याचा फोन. "अगं, मुहूर्त १२ वाजून १७ मिनिटांचा, ते कळलं. पण मी निघू कधी, आणि नेसू काय?"

पत्रिका आणि वेळापत्रक दिसायला सारखेच, दोन्हीत तारीख, वेळ, कार्यालय. पण पत्रिकेत मुहूर्त असतो आणि तो सगळ्यांना एकच. निरोपातली वेळ ज्याला पाठवायची त्याच्या कामाप्रमाणे बदलते. १२:१७ ला अक्षता पडणार म्हटल्यावर शेजारच्यांनी १२ला येऊन बसलं तरी चालतं. भाचीचा मामा मात्र त्याआधीच तयार हवा, कारण गौरीहरापाशी बसलेल्या नवरीला अंतरपाटाजवळ तोच आणतो. फेट्यांचंही तसंच. एका फेट्याला ५ मिनिटं धरली, तर २० जणांना एक फेटेवाला दीड तासाहून जास्त वेळ घेतो. म्हणून आमच्या पुरुषांना मी ९:३० लिहिलं, मामाला ९, आणि बाकीच्यांना ११:३०.

इथे बरेचजण एक चलाखी करतात. लोक उशिरा येतात म्हणून निरोपात मुहूर्तच अर्धा तास अलीकडे लिहितात. मग पत्रिकेत १२:१७, निरोपात ११:४५, आणि खरं काय ते विचारायला फोन सुरू. मुहूर्ताला हात लावू नये. हजर राहायची वेळ वेगळ्या ओळीत लिहावी, ती हवी तेवढी अलीकडे ओढता येते.

हळदीची वेळ तर पत्रिकेत बहुधा नसतेच, आणि ती आपल्या एकट्याच्या हातातही नसते. आमच्याकडे आधी नवरदेवाला हळद लागते आणि त्याचीच उष्टी हळद नवरीकडे येते. दोन घरांत अंतर असेल तर तिकडचा उशीर इकडे येऊन पोचतो. आमची उष्टी हळद पुण्याच्या दुसऱ्या टोकाहून यायची होती, म्हणून मी "सकाळी १० ला चहा, हळद ११ च्या पुढे" असं लिहिलं. वेळ चुकली, पण कोणी ताटकळलं नाही.

कपड्यांच्या बाबतीतही नुसतं "पिवळे कपडे" लिहून भागत नाही. त्यातून रंग कळतो, कापड नाही. मागच्या एका लग्नात काकू नवी पिवळी रेशमी साडी नेसून आल्या आणि हळद लागल्यावर डाग साबणाने घासला. तो लालसर झाला, कारण साबणाच्या क्षाराने हळदीचा रंग तांबूस होतो. म्हणून आता मी लिहिते, "पिवळं, पण सुती आणि डाग पडला तरी चालेल असं." धुऊन उन्हात वाळवलं की हळदीचा डाग बराच फिका पडतो, पण तेवढ्यावर पैठणी पणाला लावू नये.

संगीत हा प्रकार आमच्या आजीच्या पिढीत नव्हता, त्यामुळे त्याबद्दल सगळ्यात जास्त प्रश्न मोठ्या माणसांचे. तिथे एकच ओळ पुरली: "संध्याकाळी ७ ला, नाचायचं आहे, साधी साडीही चालेल, जेवण ८:३० ला." जेवणाची वेळ लिहिली की औषधं घेणारे निश्चिंत होतात.

तिन्हीचे निरोप वेगळे पाठवावेत, एकात कोंबू नयेत. हळद घरच्यांची, संगीत जवळच्यांचं, लग्न सगळ्यांचं. एकत्र लिहिलं तर ते पुढे जातं आणि ज्याला फक्त लग्नाला बोलावलं तो हळदीला बोलावलं समजतो. माझा लग्नाचा निरोप असा होता:

लग्न, रविवार
मुहूर्त दुपारी १२:१७
आपण ११:३० पर्यंत कार्यालयात यावं
साडी किंवा पारंपरिक, काळा रंग टाळावा
जेवण मुहूर्तानंतर लगेच

न्यू जर्सीतल्या पुतण्यासाठी आणखी एक ओळ, "सर्व वेळा भारतातल्या." तिथे बसून फोनच्या कॅलेंडरात स्वतः ११:३० टाकलं, तर ते तिथल्या वेळेचं नोंदलं जातं आणि मुंबईत उतरल्यावर रात्रीचे ९ किंवा १० दाखवतं.

आणि वेळ बदललीच तर? व्हॉट्सअॅपवर पाठवलेला निरोप १५ मिनिटांतच दुरुस्त करता येतो. आमच्या संगीताची वेळ ४ दिवसांनी बदलली. मग नवा निरोप टाकला, वरच "सुधारित, बुधवार" असं लिहून, आणि आत्याला मात्र फोनच केला.