सर्वांत शेवटी फुटणारा फुगा

एका ओळीत काही फुगे बांधलेले आहेत आणि प्रत्येकावर एक संख्या लिहिलेली आहे. एखादा फुगा फोडला की त्याची संख्या आणि त्या क्षणी त्याच्या डाव्या-उजव्या बाजूला उभ्या असलेल्या फुग्यांच्या संख्या, अशा तिन्हींच्या गुणाकाराइतकी नाणी मिळतात. फुटलेला फुगा ओळीतून नाहीसा होतो आणि त्याचे दोन्ही शेजारी एकमेकांना येऊन चिकटतात. ओळीच्या टोकाला शेजारीच नसेल, तर तिथे १ ही संख्या आहे असे धरायचे. सगळे फुगे फोडून संपवायचे आहेत. प्रश्न एवढाच, की कोणत्या क्रमाने फोडले असता सर्वाधिक नाणी मिळतील? लीटकोड या संकेतस्थळावर हे कोडे ३१२ व्या क्रमांकावर आहे आणि सॉफ्टवेअरच्या नोकरीच्या मुलाखतींची तयारी करणाऱ्यांना ते चांगलेच परिचित आहे. त्याचे उत्तर अवघ्या दहा-बारा ओळींत मावते, पण त्यासाठी विचाराची दिशा उलटी करावी लागते, आणि ती का उलटी करावी लागते हे समजून घेणे मला त्या दहा ओळींपेक्षा अधिक मोलाचे वाटते.

उदाहरणासाठी ४, २, ५, ७ असे चार फुगे घेऊ. पहिला सुचणारा उपाय म्हणजे दर वेळी हाती सर्वाधिक नाणी देणारा फुगा फोडणे. सुरुवातीला ५ चा फुगा २ × ५ × ७ म्हणजे ७० नाणी देतो आणि इतर कोणताही फुगा तेवढी देत नाही, म्हणून तो फोडला. आता ४, २, ७ उरले; त्यांतील २ चा फुगा ५६ नाणी देतो. मग ४ चा फुगा १ × ४ × ७ म्हणजे २८ आणि उरलेला ७ चा फुगा ७ नाणी देतो. एकूण १६१ नाणी झाली. परंतु आधी २, मग ५, मग ४ आणि शेवटी ७ असा क्रम घेतला, तर ४०, १४०, २८ आणि ७ मिळून २१५ नाणी होतात. पहिल्या चालीत तीस नाण्यांवर पाणी सोडल्यामुळे ५ चा फुगा ४ आणि ७ यांच्या मध्ये आला आणि एकट्यानेच १४० नाणी देऊन गेला. यावरून लहान फुगे आधी फोडावेत असा नियम कुणी काढला, तर तोही टिकत नाही, कारण २, ४, ५, ७ या चढत्या क्रमाने ४०, २०, ३५ आणि ७ अशी मिळून फक्त १०२ नाणी होतात.

सगळे क्रम तपासून पाहणे चार फुग्यांसाठी सोपे आहे, कारण क्रम अवघे २४ आहेत. दहा फुग्यांसाठी ते ३६,२८,८०० होतात आणि वीस फुग्यांसाठी ही संख्या १९ अंकी होते. कोणते फुगे उरले आहेत एवढेच लक्षात ठेवून गणित करता येते, कारण पुढे किती नाणी मिळू शकतात हे उरलेल्या फुग्यांवरच ठरते, ते आधीच्या क्रमावर अवलंबून नसते. पण उरलेल्या फुग्यांचे संचही प्रत्येक नव्या फुग्यागणिक दुप्पट होत जातात आणि वीस फुग्यांना दहा लाखांवर पोहोचतात. मूळ कोड्यात ३०० पर्यंत फुगे असू शकतात. तिथे या मार्गाने जाणे अशक्यच आहे.

अशा वेळी डायनॅमिक प्रोग्रॅमिंगची नेहमीची रीत म्हणजे मोठ्या प्रश्नाचे लहान आणि एकमेकांपासून स्वतंत्र असे तुकडे करणे, प्रत्येक तुकड्याचे उत्तर एकदाच काढून तक्त्यात लिहिणे आणि त्यांतून मोठे उत्तर जुळवणे. साहजिकच मनात येते, की पहिला फुगा कोणता फोडायचा ते ठरवू, म्हणजे डावीकडचे फुगे हा एक तुकडा आणि उजवीकडचे हा दुसरा. अडचण इथेच सुरू होते. ५ चा फुगा पहिल्यांदा फोडला, तर डावीकडे ४ आणि २ उरतात आणि उजवीकडे ७. आता २ च्या फुग्याचा उजवा शेजारी कोण? ७ अजून उभा असेल, तर २ चा फुगा ४ × २ × ७ म्हणजे ५६ नाणी देईल. पण ७ आधीच फोडलेला असेल, तर तोच फुगा ४ × २ × १ म्हणजे केवळ ८ नाणी देईल. डाव्या तुकड्याचे उत्तर उजव्या तुकड्यात केव्हा काय घडते यावर ठरते आहे, म्हणजेच ते स्वतंत्र तुकडे नाहीतच. फुगा फुटल्याने ओळ दुभंगत नाही, उलट ती जोडली जाते, आणि पहिल्या फुग्यापासून केलेला विचार नेमका या ठिकाणी अडतो.

आता प्रश्न उलटा विचारू: सर्वांत शेवटी कोणता फुगा फुटेल? समजा, तो ५ चा आहे. मग इतर सगळे फुटेपर्यंत तो जागचा हलत नाही. डावीकडच्या ४ आणि २ यांच्यासाठी तो कायमची उजवी भिंत आहे आणि ७ साठी कायमची डावी भिंत. डावीकडे काहीही घडले, तरी ते या भिंतीपलीकडे पोहोचत नाही. त्यामुळे २, ४, ७, ५ या क्रमाने फोडा, २, ७, ४, ५ असे फोडा किंवा ७, २, ४, ५ असे फोडा, प्रत्येक वेळी २ चा फुगा ४०, ४ चा फुगा २०, ७ चा फुगा ३५ आणि ५ चा फुगा ५ अशी एकूण १०० नाणीच मिळतात. दोन्ही बाजूंच्या चाली एकमेकींत कशाही मिसळल्या तरी फरक पडत नाही, आणि तुकडे स्वतंत्र आहेत याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा नको. चार फुग्यांचे २४ क्रम या दृष्टीने पाहिले, तर खरोखर वेगळ्या अशा १४ रचनाच उरतात.

हाच विचार आतल्या प्रत्येक तुकड्याला लागू करायचा. ओळीच्या दोन्ही टोकांना १ लिहिलेली, कधीही न फुटणारी एकेक भिंत उभी करून १, ४, २, ५, ७, १ अशी यादी घेऊ. कोणत्याही दोन जागा भिंती म्हणून निवडल्या, की त्यांच्या मधला पट्टा हा एक लहान प्रश्न होतो: या भिंती उभ्या असताना मधले सगळे फुगे फोडून जास्तीत जास्त किती नाणी मिळतील? त्या पट्ट्यात शेवटी फुटणारा फुगा ठरवला, की त्याच्या डावीकडच्या पट्ट्याचे उत्तर, उजवीकडच्या पट्ट्याचे उत्तर आणि डावी भिंत × तो फुगा × उजवी भिंत हा गुणाकार, यांची बेरीज करायची. मधल्या प्रत्येक फुग्याला शेवटचा मानून पाहायचे आणि सर्वांत मोठी बेरीज ठेवायची.

एक फुगा असलेले पट्टे सरळ आहेत: ४ च्या फुग्याचे ८, २ चे ४०, ५ चे ७० आणि ७ चे ३५. दोन फुग्यांच्या पट्ट्यांपैकी ४ आणि ७ या भिंतींमधला २, ५ हा पट्टा बारकाईने पाहू. २ शेवटचा मानला, तर आधी ५ फुटून ७० मिळतात आणि नंतर ४ × २ × ७ म्हणजे ५६, एकूण १२६. ५ शेवटचा मानला, तर आधी २ फुटून ४० आणि नंतर ४ × ५ × ७ म्हणजे १४०, एकूण १८०. तक्त्यात १८० लिहायचे. डावीकडची १ ही भिंत आणि ७ यांच्या मधल्या ४, २, ५ या पट्ट्यात ४ शेवटचा मानला, की हे १८० तयारच असतात; त्यांत १ × ४ × ७ म्हणजे २८ मिळवले, की २०८ होतात. २ किंवा ५ शेवटचा मानल्यास तिथे अनुक्रमे ९२ आणि ९५ च मिळतात. पूर्ण ओळीसाठी शेवटचा फुगा ४ मानल्यास २१२, २ मानल्यास ९४, ५ मानल्यास १०० आणि ७ मानल्यास २०८ + ७ म्हणजे २१५ नाणी मिळतात. प्रत्येक पट्ट्यात कोणता फुगा शेवटचा ठरला याची नोंद ठेवली, तर क्रमही उलट वाचता येतो: शेवटी ७, त्याआधी ४, त्याआधी ५ आणि सर्वांत आधी २.

पायथॉनमध्ये हे असे लिहिता येते:

```python
def max_coins(nums):
    a = [1] + nums + [1]
    n = len(a)
    best = [[0] * n for _ in range(n)]
    for gap in range(2, n):
        for i in range(n - gap):
            j = i + gap
            best[i][j] = max(
                best[i][k] + a[i] * a[k] * a[j] + best[k][j]
                for k in range(i + 1, j))
    return best[0][n - 1]
```

यात दोन जागी हमखास घसरायला होते. पहिली जागा गुणाकाराची. शेवटच्या फुग्याचे शेजारी म्हणून `a[k-1]` आणि `a[k+1]` लिहिण्याचा मोह होतो, पण त्या फुग्याची पाळी येईपर्यंत हे मूळचे शेजारी फुटून गेलेले असू शकतात; तेव्हा उभ्या असतात त्या पट्ट्याच्या भिंती, म्हणजे `a[i]` आणि `a[j]`. ही चूक ओळखायची खूणही आहे. चुकीच्या सूत्रात प्रत्येक फुग्याचे उत्पन्न ठरलेलेच असते, त्यामुळे शेवटचा फुगा कोणताही मानला तरी बेरीज बदलत नाही. आपल्या उदाहरणात ती ८ + ४० + ७० + ३५ म्हणजे १५३ येते. मूळ शेजाऱ्यांच्या गुणाकारांची बेरीज आणि प्रोग्रॅमचे उत्तर तंतोतंत जुळले, तर आधी याच ओळीकडे पाहावे.

दुसरी जागा तक्ता भरण्याच्या क्रमाची. मोठ्या पट्ट्याला त्याच्या आतले लहान पट्टे आधी भरलेले लागतात, म्हणून वरच्या प्रोग्रॅममध्ये सर्वांत बाहेरचे आवर्तन लांबीचे आहे. डावी भिंत डावीकडून उजवीकडे सरकवत तक्ता भरत गेलो, तर उजवीकडचे पट्टे अजून शून्यच असतात आणि ते शून्य निमूटपणे बेरजेत शिरते. प्रोग्रॅम कोणतीही तक्रार न करता २१५ ऐवजी ६२ असे उत्तर देतो. डावी भिंत उजव्या टोकापासून मागे आणत गेलो, तर मात्र तक्ता बरोबर भरतो.

खर्चाचे म्हणाल, तर ३०० फुग्यांसाठी ४५,१५० पट्टे होतात, आणि प्रत्येक पट्ट्यात प्रत्येक फुगा शेवटचा मानून पाहण्याच्या एकूण ४५,४५,१०० पायऱ्या होतात. साध्या संगणकालाही हे काम काही सेकंदांचे आहे. फुगे दुप्पट केले, की काम सुमारे आठपट होते, त्यामुळे काही हजार फुग्यांनंतर ही पद्धत जड होऊ लागते.

अनेक मॅट्रिक्सचा गुणाकार कमीत कमी खर्चात कोणत्या क्रमाने करावा, हा संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमातला जुना प्रश्न हुबेहूब याच घाटाचा आहे. तिथे शेवटचा गुणाकार कुठे होईल हे विचारतात आणि खर्चाचे सूत्रही तीन मापांच्या गुणाकाराचेच असते. फक्त तिथे सर्वांत लहान बेरीज हवी असते आणि इथे सर्वांत मोठी. ज्याला तो प्रश्न नीट कळला आहे, त्याला फुग्यांचे कोडे सोडवताना नवे काही शोधावे लागत नाही, जुने ओळखावे मात्र लागते.

नियमात एक लहानसा बदल केला, तर हे सगळे कोसळते. समजा, मिळणाऱ्या नाण्यांना तो कितव्या पाळीला फुटलेला फुगा आहे त्या संख्येनेही गुणायचे ठरले. शेवटचा फुगा तेव्हाही भिंत म्हणून उभाच राहील, पण डावीकडची एखादी चाल तिसऱ्या पाळीला झाली की पाचव्या, हे उजवीकडे दरम्यान किती फुगे फुटले यावर ठरेल. वर एकसारखे १०० देणारे तीन क्रम मग अनुक्रमे २०५, १९० आणि १९५ नाणी देतील, आणि केवळ पट्ट्याच्या दोन भिंती सांगून त्याचे उत्तर तक्त्यात लिहिता येणार नाही.